म्हातारं माणूस जेवेना आणि बोलेना, तर कुठून सुरुवात करायची

"वय झालं की जेवण कमी होतंच" हे वाक्य सिंधुदुर्गात घरोघरी फिरताना मी इतकं ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, सरळ वजनकाटा मागते. वयाने भूक थोडी मंदावते, पण ती वर्षानुवर्षांत, हळूहळू. दोन-तीन महिन्यांत ताट अर्धं झालं आणि ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारं माणूस माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायला लागलं, तर त्यामागे कारण असतं. पन्नास किलोच्या माणसाचं वजन सहा महिने ते वर्षभरात काही न करता अडीच किलोने उतरलं, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. काटा नसेल तर ब्लाऊजची बाही, लेंग्याची नाडी आणि बोटातली अंगठी बघा.

एक गोष्ट आधी बाजूला काढा. हा बदल एक-दोन दिवसांत झाला असेल, माणूस गुंगीत असेल, बोललेलं धरून ठेवत नसेल, दिवसा झोप आणि रात्री भलतंच बडबडणं असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं अशी कारणं त्यामागे असतात. म्हाताऱ्यांना अशा वेळी ताप येतोच असं नाही.

हळूहळू झालं असेल तर एका जेवणाला शेजारी बसा. भरवू नका, आग्रह करू नका, नुसतं बघा. ताट समोर येताच तोंड फिरवलं, की चार घास हौसेने खाऊन थांबलं? मऊ भात खाल्ला आणि भाकरी, मासा तसाच ठेवला? एकाच बाजूने चावतंय? पाणी पिताना ठसका लागतोय? भूक नसणं, चावता न येणं, गिळता न येणं आणि खावंसंच न वाटणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. घरचे मात्र चारींना "जेवत नाय" एवढंच म्हणतात. गिळताना अडकत असेल किंवा ठसका लागत असेल तर थेट डॉक्टर.

आता तोंड. सगळ्यात जास्त अडतं ते इथे, आणि सगळ्यात जास्त वगळलं जातं तेही हेच. डॉक्टर पोट तपासतात, छाती तपासतात, पण कवळी काढायला फार कमी जण सांगतात. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दात खंय असत माका, दुखतले कशे?" दात नसले तरी हिरडी असते आणि तिच्यावर कवळी घासते. वर्षं जातात तशी हिरडीखालची हाडं झिजतात, वजन उतरलं की गालही आत जातात, आणि पूर्वी घट्ट बसणारी कवळी हलायला लागते. हलणारी कवळी चावताना टोचते आणि बोलताना खाली येते. मग माणूस चावणं सोडतं आणि चारचौघांत बोलणंही सोडतं.

सुनेसमोर, मुलासमोर कवळी काढायला बहुतेकांना लाज वाटते. तेव्हा जबरदस्ती नको. सकाळी तोंड धुवायच्या वेळी, दार लोटून, "आये, तूच काढ, मी फक्त बॅटरी धरतंय" असं म्हणा. मोबाईलचा उजेड पुरतो. बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळा आणि घाई न करता टाळू, खालच्या हिरडीची धार, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि गालाची आतली बाजू बघा. वरच्या कवळीखाली टाळू लालभडक दिसत असेल, ओठांचे कोपरे चिरले असतील किंवा पुसल्यावर निघणारा पांढरा थर असेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. रात्री कवळी न काढणाऱ्यांत आणि दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांत तो फार दिसतो. औषधाने बरा होतो.

पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कडक गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर मात्र तोंडाचा कर्करोग नाही ना हे तपासून घ्यावंच लागतं. आपल्याकडच्या कितीतरी आज्या मिश्री लावतात. तंबाखूच ती. हिरडी दुखली की त्यावर आणखी मिश्री दाबतात, तेवढ्यापुरतं बधिर होतं आणि जखम झाकली जाते. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

कवळी घरी कानशीने घासू नका. उकळत्या पाण्यात टाकू नका, ती वाकते. दंतवैद्याकडे जाताना लोक दुखते म्हणून कवळी घरीच ठेवतात आणि तिथे हात हलवत बसतात. कवळी बरोबर न्या. सोसवत असेल तर जाण्याआधी काही तास घाला, म्हणजे ती नेमकी कुठे टोचते ते लाल खुणेवरून दिसतं आणि तेवढाच भाग घासता येतो.

वेंगुर्ल्याच्या बाजूची एक आजी. नवरा जाऊन वर्ष झालेलं, मुलगा मुंबईला. सगळे म्हणत, दुःखाने खंगली. ताट बघितलं तर पेज संपायची, बांगडा तसाच. कवळीखाली डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढी जखम आणि तिच्यावर मिश्री. दंतवैद्याने कवळीची कड घासली, मिश्री थांबली, दहा-बारा दिवसांत जखम भरली. तोवर नुसत्या पेजेवर न ठेवता तूप घातलेला मऊ भात, अंडं आणि काटे काढलेला मासा दिला. पेज म्हणजे बरंचसं पाणीच, तिच्यावर वजन भरून येत नाही. आजी चावायला लागली. पण बोलायला लागली नाही.

एक कारण सापडलं की घरचे शोध थांबवतात, ते करू नका. गोळ्यांची अख्खी पिशवी डॉक्टरांसमोर ओता. मधुमेहाची मेटफॉर्मिन, हृदयाची डिगॉक्सिन, सांधेदुखीच्या गोळ्या, यांनी भूक मरू शकते. लघवीच्या काही गोळ्या सोडियम उतरवतात. मनाने मात्र कुठलीही बंद करू नका. हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, बी-बारा आणि लघवी या तपासण्यांबद्दल विचारा. खोकला रेंगाळत असेल तर क्षयरोगाबद्दलही. आणि मेडिकलमधून भुकेचं सिरप आणू नका. त्यातल्या सायप्रोहेप्टाडिनने म्हाताऱ्यांना गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, गोंधळ वाढतो.

या आजीच्या तपासण्या जवळपास ठीक निघाल्या. मग मनाचं. "उदास वाटतं का?" विचारलं तर "नाय गो" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा एकटीला गाठून विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशात जीव रमला? पहाटे लवकर जाग येते का? आणि अडखळू नका, हेही विचारा: "जगणं नको झालंय असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आधी कान मात्र तपासा. मळाने बुजलेल्या कानाचं माणूसही असंच गप्प होतं. विसराळूपणा वाढला असेल तर तेही सांगा, स्मृतिभ्रंशातही माणूस असं मिटून जातं.

आजी म्हणाली, "ताट वाढूचा कोणाक, ह्याच कळना नाय." नवऱ्याला वाढल्याशिवाय ती कधी जेवलीच नव्हती. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध सुरू केलं. शेजारची जाऊ दुपारचं ताट घेऊन तिच्याकडे जेवायला यायला लागली. अशा औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हाताऱ्यांत कधी जास्तही. आठ दिवसांत "काय फरक नाय" म्हणून गोळी बंद करू नका, आणि महिन्याने जेवायला लागली म्हणूनही नाही. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या आणि आकडे लिहून पुढच्या भेटीला न्या.