फोन चोरीला गेला तर पहिल्या तासात काय करावं: आधी सिम, मग बाकीचं

समजा, बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकात निपाणीच्या बसमध्ये चढताना खिशातला फोन गेला आणि ते कळलं हत्तरगी टोलनाक्याजवळ. शेजाऱ्याच्या फोनवरून एकदा रिंग देऊन बघा, पण त्यातच वेळ घालवू नका. फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं की तुमचे ओटीपी तिकडे जातात.

म्हणून पहिला कॉल सिम कंपनीला. जिओसाठी 1800-889-9999, बीएसएनएलसाठी 1800-180-1503. एअरटेल असेल तर कुणाच्या तरी एअरटेल नंबरवरून 121, व्हीआयवाल्यांनी तसंच 199. ओळख पटवायला नाव, जन्मतारीख, पत्ता असं काहीतरी विचारतात. आईचं सिम मुलाच्या नावावर, असं आपल्याकडे सर्रास असतं. तेव्हा ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच बोलायला लावा. दोन सिम असतील तर दोन्ही बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. थोड्या वेळाने स्वतःच्या नंबरवर कॉल करून बघा. रिंग वाजली तर सिम अजून चालू आहे, पुन्हा कंपनीला फोन लावा.

लगेच बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा. मोबाईलच्या कव्हरमागे एटीएम कार्ड ठेवलेलं असेल तर ही घाई दुप्पट करा. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्यावरची मुदत आणि ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा नवा पिन करता येतो. पैसे गेलेच असतील तर 1930 वर तक्रार द्या. जितक्या लवकर द्याल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त.

आता पासवर्ड. इथे बरेच जण अडकतात, कारण डुप्लिकेट सिम चालू झाल्यावरही 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. त्यामुळे तुमचा ईमेल जिथे आधीपासून उघडा आहे, तो घरचा किंवा ऑफिसचा कम्प्युटर गाठा. google.com/android/find वरून आधी फोन लॉक करा, मगच ईमेलचा पासवर्ड बदला, आणि शेवटी गूगल खात्यातल्या Your devices मध्ये जाऊन चोरीच्या फोनला साइन आउट करा. हा क्रम उलटा केलात तर फोन शोधायची आणि लॉक करायची सोय हातची जाते. ईमेल पहिला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक तिथेच येतात. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यानंतर.

पोलिसांकडे ‘हरवला’ असं न लिहिता ‘चोरीला गेला’ असंच लिहून द्या. कर्नाटक पोलिसांची ई-लॉस्ट सोय फक्त हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. चोरी बेळगावात झाली आणि तुम्ही निपाणीला किंवा थेट कोल्हापूरला पोचलात, तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. पुढे तो बेळगावला पाठवतात. त्याची प्रत आणि फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय घेऊन ceir.gov.in वर हँडसेट ब्लॉक करा. मग देशात कुठल्याही कंपनीचं सिम त्यात चालत नाही. तिथे मिळालेला रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, फोन सापडलाच तर तो पुन्हा चालू करायला लागतो.