पहिलं ऑम्लेट, आणि तव्याची आच

बायको माहेरी गेली होती आणि लेकीला सकाळी ऑम्लेट हवं होतं. मी याआधी कधीच केलं नव्हतं. बिडाचा तवा मोठ्या आचेवर ठेवला, धूर निघाल्यावर तेल घातलं आणि दोन अंडी चार वेळा चमच्याने ढवळून ओतली. खालून काळं, वरून पातळ, मध्ये पांढऱ्या बलकाचे बुळबुळीत गोळे. लेक म्हणाली, "बाबा, हे कच्चं आहे."

आईला फोन केला. ती म्हणाली, "तवा आधी उतरव. अंडं मऊ आचेवर होतं रे."

बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, गॅस बारीक केला तरी लगेच निवत नाही. म्हणून तो पाच मिनिटं खाली ठेवला. तोवर दोन अंडी, चिमूटभर मीठ, चमचाभर दूध काट्याने फेटत राहिलो. काटा उचलल्यावर बलकाची तार लोंबली, की अजून फेटायचं. धार सलग पडू लागली तेव्हा थांबलो.

मग मंद आचेवर तेल सोडलं आणि मिश्रणाचा एक थेंब टाकून पाहिला. तो हलकेच चुरचुरला, करपला नाही. मिश्रण ओतून झाकण ठेवलं. दोन मिनिटांनी कडा आपोआप सुटल्या, तेव्हाच उलथनं घातलं. लेकीने पावाबरोबर सगळं संपवलं.