पांढऱ्या सदऱ्यावर पांढरं नाव

नागपूरच्या महाल भागातल्या एका विणकर काकांची मुलाखत आम्ही त्यांच्या अंगणात, उन्हातच घेतली. खाली डावीकडे पांढऱ्या अक्षरांत नाव टाकलं. लॅपटॉपवर झकास दिसलं. मामाच्या जुन्या टीव्हीवर लावलं तर नावाचं पहिलं अक्षर कडेला कापलेलं, आणि बाकीचं काकांच्या पांढऱ्या सदऱ्यात विरघळलेलं!

जुने टीव्ही चित्राची कड थोडी खातात. १९२० बाय १०८० च्या चौकटीत ५ टक्के सोडायचे, म्हणजे डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. मी खाली १२० सोडले, कारण मोबाइलवर व्हिडिओ थांबवला की प्लेअरच्या बटणांची पट्टी नावावरच येते.

नावामागे काळी पट्टी होती, पण ४० टक्केच गडद. पांढऱ्या सदऱ्यावर ती राखाडी होते आणि कॉन्ट्रास्ट ३:१ च्याही खाली जातो; लहान अक्षरांना ४.५:१ तरी हवा. ७० टक्के केल्यावर तो ८:१ च्या वर गेला. पट्टीची उंचीही वाढवली, नाहीतर वेलांटी आणि रफार वरच्या कडेला चिकटतात. हे मला फार उशिरा दिसलं.

शीर्षकाच्या पाटीला तीच चौकट, तेच रंग. मामा म्हणाले, "आता चष्म्याशिवाय वाचता येते बे!"