२६०० भागिले ९० : हरमलच्या दुकानातला माझा पहिला सीझन

मी आरोंद्याचा. शिवणकाम घरचंच, आजोबा पासून. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मामाने बोलावलं म्हणून किरणपाणीचा पूल ओलांडून हरमलला गेलो, फॉरेनर ज्याला आरंबोल म्हणतात ते. मामाचं तिथे बीचकडे जाणाऱ्या रस्त्यावर सीझनपुरतं दुकान असतं, दोन मशीन, एक ओव्हरलॉक, समोर हँगरला लिननचे शर्ट आणि ढगळ पँटी. यंदा चारपाच पोरांनी विचारलं की आम्हालाही गोव्यात टुरिस्ट लोकांचं शिवायचंय, काय शिकून येऊ. शिवण तुम्हाला येतंच असेल. मला जे येत नव्हतं आणि ज्यात पैसे गेले ते म्हणजे दोन चलनांत भाव सांगणं, त्याबद्दलच लिहितो.

पहिली गोष्ट, भाव रुपयातच धरायचा. पण पाहुण्यांकडे रुपये नसतात असं बरेचदा होतं. एटीएम बंद असतं नाहीतर एका वेळी थोडेच पैसे देतं, आणि रशियन लोकांची तर २०२२ पासून त्यांच्या बँकेची व्हिसा-मास्टरकार्डं बाहेर चालतच नाहीत, ते डॉलर नाहीतर युरोच्या नोटा घेऊन येतात. मग शर्ट हातात धरून विचारतात, युरो घेतोस का? आणि तुम्ही खिशातून मोबाईल काढता. इथेच गडबड.

माझं पहिलं गिऱ्हाईक एक जर्मन, सव्वासहा फूट उंच माणूस, लिननचा फुल बाह्यांचा शर्ट हवा होता. खर्च सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ५८ इंच पन्ह्याचं लिनन, साध्या माणसाला पावणेदोन मीटरच्या आत बसतं पण याला २ मीटर लागलं, ६०० रुपये मीटरने १२०० झाले. बटणं, कॉलरचं कॅनव्हास, दोरा मिळून ८०. शिलाई ५००. दुकानाच्या भाड्याचा त्या दिवसाचा वाटा मामा एका कपड्यामागे १५० धरायचा. एकूण १९३०. विकायचा २६०० ला, म्हणजे ६७० सुटणार. (लिनन आधी पाण्यातून काढून वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर चढते आणि गिऱ्हाईक परत दारात. पण तो वेगळा विषय.)

मी गुगलवर बघितलं, युरो ९० च्या आसपास. २६०० भागिले ९०, आले २८.८८. मी म्हटलं ट्वेंटीनाइन, तो म्हणाला ट्वेंटीएट, मी म्हटलं ओके. त्याने २० ची एक आणि १० ची एक नोट दिली, ३० युरो, आणि दोन युरो परत मागितले. माझ्याकडे युरो कुठले? मी ९० च्या रेटने १८० रुपये परत दिले. खूश होऊन गेला, मीही खूश.

दुसऱ्या दिवशी मनी चेंजरकडे गेलो तर त्याच्या बोर्डावर दोन भाव, एक विकायचा, एक घ्यायचा. घ्यायचा भाव ८६. गुगल दाखवतं तो मधला भाव असतो, दुकानात तो कुणालाच मिळत नाही. ३० गुणिले ८६ म्हणजे २५८०. वर त्याने बदलीवरचा जीएसटी ४५ रुपये कापला, तो छोट्या रकमेलासुद्धा तेवढाच. हातात आले २५३५, त्यातून मी परत दिलेले १८० वजा करा, राहिले २३५५. म्हणजे ६७० च्या जागी ४२५ सुटले आणि पेट्रोल माझं. मामाला सांगितलं तर तो कापता कापता मान वर न करता म्हणाला, "झिला, तो गुगल तुका पैसे देतलो काय? चेंजर काय देता ता इचार आधी."

मग त्याच संध्याकाळी त्याने मला दुकानाचा रेट काढायला लावला. चेंजर ८६ देतो, पण उद्या ८५ देईल, शिवाय ते ४५ रुपये, म्हणून आपण ८४ धरायचा. दर सोमवारी चेंजरला फोन करून घ्यायचा भाव विचारायचा आणि दोनतीन रुपयांचा फरक पडला तरच आपला बदलायचा, रोज बदलत बसलात तर कालच्या गिऱ्हाईकाला आणि आजच्याला वेगळा भाव सांगाल आणि ते दोघं एकाच शॅकमध्ये बसलेले असतात! आणि नोटा साठवून एकदम बदलायच्या, म्हणजे ते ४५ रुपये एकदाच जातात. फार साठवायच्या पण नाहीत, परकीय नोटा जवळ ठेवायला २००० डॉलरइतकी मर्यादा आहे, आणि लायसन्सवाल्या चेंजरकडेच जायचं, आधार दाखवायचं, पावती घ्यायची. रस्त्यावर कुणी दोन रुपये जास्त देतो म्हणाला तरी त्याच्याकडे नाही.

आता मी हुशारी केली. २६०० भागिले ८४, आले साधारण ३१. लिहिलं ३१ युरो. तर आठवडाभर नुसती डोकेदुखी, कारण युरोची सगळ्यात छोटी नोट ५ ची, १ आणि २ ची नाणी असतात, आणि नाणी चेंजर घेतच नाही. डबाभर नाणी साठली. मग वाटलं ३५ करू. पण गिऱ्हाईकाच्या हातातही मोबाईल असतो ना. ३५ गुणिले ९० केलं की ३१५० येतात आणि बाजूलाच तुम्ही २६०० लिहिलंय, तो सरळ म्हणतो की तू मला फसवतोयस, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीपण तेच म्हटलं असतं.

शेवटी मामाने उलटं केलं. रुपयाचा भाव खाली आणला, २५००, आणि युरोचा ३० ठेवला. आता बघा, त्या वेळच्या भावाने गिऱ्हाईक मोबाईलवर करतो तेव्हा ३० चे २७०० दिसतात, म्हणजे फरक २०० चा, दोनसव्वादोन युरो. तो सरळ सांगता येतो की बाबा चेंजर कापतो, तुला वाचवायचे असतील तर रुपये आण. बरेच जण खरंच आणतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. नाहीच आणले तर ३० चे आपल्याला २५८० येतात, नुकसान नाही, सुट्टे द्यायचा प्रश्न नाही. सुट्टे द्यायचीच वेळ आली, समजा ५० ची नोट दिली, तर परत रुपयेच द्यायचे आणि ते दुकानाच्या रेटने, गुगलच्या नाही, आणि हे नोट हातात घ्यायच्या आधी सांगायचं. मग मी सगळ्या मालाचा तक्ता तसाच केला, आधी युरो पाचाच्या पटीत बसवायचा, मग रुपयाचा भाव त्याच्या आजूबाजूला, खर्च निघतोय ना बघून.

आकडा तोंडी सांगू नका. थर्टी आणि थर्टीनमध्ये आमच्याकडे एकदा भांडण झालंय. कॅल्क्युलेटरवर टाकून दाखवायचं. लिहिताना २,५०० असा स्वल्पविराम पण नको, जर्मन-फ्रेंच लोक स्वल्पविराम पॉइंटसारखा वापरतात, एका बाईने खरंच विचारलं होतं की अडीच काय, युरो? (अडीच युरोत लिननचा शर्ट, मीपण घेतला असता.) आणि त्यांच्या हाताने लिहिलेला १ आपल्याला ७ सारखा दिसतो, मापं त्यांच्याकडून लिहून घेताना जपा.

आता आगाऊ पैशांचं, कारण सगळ्यात वाईट भांडण त्यावरून झालं. एक बाई स्वतःचा जुना झालेला ड्रेस घेऊन आली, तस्साच दोन रंगांत शिवून हवा होता. दोन ड्रेसचे ५००० किंवा ६० युरो ठरले. ३० युरो आगाऊ दिले, मी वहीत लिहिलं "€३० ॲडव्हान्स", बस. चार दिवसांनी ती ड्रेस न्यायला आली, दोन्ही घालून बघितले, आवडले, आणि बाकी रुपयात देते म्हणाली. माझ्या डोक्यात निम्मे दिलेत, निम्मे राहिले, २५००. तिने मोबाईलवर केलं, ३० चे २७०० झाले, ५००० तून वजा, बाकी २३००. दोघांचाही हिशोब आपापल्या जागी बरोबर! मी दुकानाचा रेट सांगायला लागलो तर ती म्हणाली की हे त्या दिवशी का नाही सांगितलंस, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामाने मध्ये पडून २३०० घेतले आणि ती गेल्यावर मला एवढंच विचारलं की वहीत काय लिहिलं होतंस.

त्यानंतर बिल असं लिहितो, आणि खाली गिऱ्हाईकाची सही घेतो, त्याची कॉपी त्याला:

एकूण ५००० रुपये
आज जमा €३० = २५०० रुपये
बाकी २५०० रुपये (किंवा €३०)
ट्रायल मंगळवार, डिलिव्हरी गुरुवार, फ्लाइट शनिवार

जमा झालेली परकी नोट त्याच मिनिटाला रुपयात उतरवायची, मग मध्ये भाव वर जावो की खाली, बाकी बदलत नाही. फ्लाइटची तारीख का, तर निम्मे पैसे देऊन माणूस उडून गेला की त्याच्या मापाचा सव्वासहा फुटी शर्ट हरमलमध्ये कोण घेणार.

नोटा कशा बघायच्या ते थोडक्यात. फाटलेली, पेनने लिहिलेली, चिकटपट्टी लावलेली नोट चेंजर परत करतो. डॉलरमध्ये लहान डोक्याच्या, म्हणजे चित्रातला चेहरा लहान असलेल्या जुन्या नोटांना कमी भाव लावतात किंवा घेतच नाहीत. आणि पाउंड. डिसेंबरमध्ये एक म्हातारा इंग्रज गृहस्थ आला, अगदी सज्जन, दोन पँटींची लांबी कमी करून घेतली आणि एक शर्ट, त्यात २० पाउंडाची एक नोट दिली. कागदी. मी प्रकाशात धरून बघितली, खरी होती. चेंजरने हातात घेतली आणि लगेच परत सरकवली. इंग्लंडमधल्या २० आणि ५० च्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्यात, आता प्लास्टिकच्या चालतात. म्हाताऱ्याचीही चूक नाही, त्याच्या कुठल्यातरी जुन्या पाकिटात राहिली असणार. तोवर तो केरळला निघून गेला होता.

त्या वेळच्या भावाने दोन हजारांच्या आसपासची नोट ती. बँक ऑफ इंग्लंड अजून बदलून देते म्हणे, पण तिथे जाणार कोण. मामाने ती काउंटरच्या काचेखाली लावलीय, बाजूला एक प्लास्टिकची ५ ची. नवीन पोरगा कामाला आला की आधी त्याला दोन्हींवरून बोट फिरवायला लावतो, मग मशीनवर बसवतो.