गोड आवाजाला अचूकतेचे गुण देऊ नका

कॉल सेंटरमधल्या एजंटचा कॉल ऐकून गुण देण्याचा फॉर्म कसा भरायचा हे ट्रेनिंगमध्ये कळतं. तिथे निसटते ती एकच गोष्ट: एजंटचा आवाज आश्वासक असला की एम्पथीचे गुण नकळत अचूकतेच्या आणि रिझोल्यूशनच्या, म्हणजे अडचण सुटली का याच्या, रकान्यातही पडतात. ऐकताना हे जाणवतच नाही, म्हणून हिशेब मांडून पाहू.

समजा फॉर्म 100 गुणांचा आहे: एम्पथी 30, अचूकता 40, रिझोल्यूशन 30. अचूकतेत प्रत्येकी 10 गुणांचे चार प्रश्न: ओळख पडताळली का, अडचण नेमकी ओळखली का, प्रक्रिया बरोबर सांगितली का, मुदत बरोबर सांगितली का. ग्राहकाला फुटका मिक्सर मिळालाय आणि हा त्याचा तिसरा फोन. एजंट त्याचं बोलणं तोडत नाही, "तीनदा फोन करावा लागला, माफ करा" असं नेमकं बोलते आणि 48 तासांत नवा मिक्सर येईल म्हणते. ग्राहक आभार मानतो. एका दमात ऐकलं तर स्कोअर होतो 27, 40, 30. एकूण 97.

आता नॉलेज बेस, म्हणजे कंपनीचे नियम सांगणारे लेख, उघडा. ते 48 तास जुनी वस्तू परत उचलल्यानंतर सुरू होतात, आणि तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, पिकअप रिक्वेस्टच नाही. म्हणजे प्रक्रिया 0, मुदत 0, अचूकता 20. काम झालेलंच नाही, म्हणून रिझोल्यूशन 0. एम्पथीचे 27 मात्र तसेच राहतात. बाकी चुकलं म्हणून तिथे कात्री लावणं हाही तितकाच अन्याय. एकूण 47.

म्हणून कॉल दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त अचूकता: एजंटचं प्रत्येक विधान मिनिट-सेकंदासह टिपा आणि लेखाशी ताडून पाहा. लेख कॉलच्या तारखेला लागू असलेलाच हवा, नाहीतर कालच्या एजंटला आजच्या नियमाने शिक्षा होईल. रिझोल्यूशन तिकिटावरून ठरवा, ग्राहकाच्या "थँक यू"वरून कधीच नाही. एम्पथी शेवटी, दुसऱ्या वेळी. "सॉरी" किती वेळा आलं ते मोजू नका. ग्राहकाने त्रास सांगितला त्या जागी एजंटने त्याच त्रासाची दखल घेतली का, ते ऐका.

टार्गेटच्या धाकाने कॉल दीडपट वेगाने ऐकू नका. मधली शांतता आखडते, आणि एजंट थांबून ऐकत होती की अडखळली होती ते कळत नाही. "मला ऐकताच कळतं" म्हणणाऱ्या सीनियरकडून स्कोअरिंग शिकू नका. कापलेल्या गुणामागचा सेकंद दाखवू शकेल त्याच्याशेजारी बसा.

पहिल्या आठवड्यांत तुमचे स्कोअर इतरांपेक्षा खूप वेगळे येतील. घाबरू नका, कॅलिब्रेशन, म्हणजे एकच कॉल सगळ्यांनी तपासून गुण ताडून पाहण्याची बैठक, त्यासाठीच असतं. पण तिथे आधी आपापले गुण लिहून ठेवा, मगच बोला. फरक पडला तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, रेकॉर्डिंगमधला तो तुकडा पुन्हा लावा. दोघांनी तोच तुकडा ऐकूनही मत जुळलं नाही, तर प्रश्नाची शब्दरचना संदिग्ध आहे. ती बदलून घ्या.