बँकेचा अरबी मेसेज आणि आमचं पत्र

सौदीतल्या दम्मामला कामाला आहे. पगाराचं खातं तिथल्याच बँकेत, आणि मेसेज अन् स्टेटमेंट दोन्ही अरबीत यायचे. सुट्टीत दारव्ह्याला आलो तर पुतणी स्टेटमेंट पाहून म्हणते, "काका, इथे दोन शून्य आन् टिंब हाय, काऊन बा?" ते होतं ٥٥٠, म्हणजे पाचशे पन्नास. अरबीतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब! मी चार महिने तेच चुकीचं वाचत होतो.

मग पुतणीने इंग्रजीत साधं पत्र लिहून दिलं. वर पासपोर्टातलं नाव, खाते क्रमांक, इकाम्याचा, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचा, नंबर आणि नोंदवलेला मोबाइल. खाली: "मला अरबी वाचता येत नाही. मेसेज, स्टेटमेंट आणि ॲप, तिन्हींची भाषा हिंदी करावी, हिंदी नसेल तर इंग्रजी." तिन्ही वेगळी लिहिली हे बरं झालं, कारण काउंटरवरच्या माणसाने आधी फक्त मेसेजची भाषा बदलली होती. पिन आणि ओटीपी पत्रात अर्थातच नाहीत.

पहिल्यांदा पत्र परत आलं. खातं उघडताना सही इंग्रजीत केली होती, पत्रावर सवयीने मराठीत ठोकली! दुसऱ्या खेपेला जुनीच सही केली, इकाम्याची झेरॉक्स जोडली आणि पत्राच्या प्रतीवर पोच शिक्का मागून घेतला.

हिंदी काही मिळाली नाही. इंग्रजी मिळाली. जुनी स्टेटमेंटं मात्र अरबीतच राहिली.