डेटा मॅनेजमेंट स्टेटमेंट परत आलं? आधी कन्सेंट फॉर्म उघडा

पुण्यात सोशल सायन्समध्ये पीएचडी करणाऱ्या एका ज्युनिअरचं स्टेटमेंट एथिक्स कमिटीने परत पाठवलं. त्यात एवढंच होतं, 'डेटा सुरक्षित ठेवला जाईल व गोपनीयता राखली जाईल'. कुठे, कोणाकडे, किती वर्षं, काहीच नाही.

तिचा अभ्यास पर्वती भागातल्या २४ घरकामगार बायकांच्या मुलाखतींचा, ऑडिओ मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. मी तिला म्हटलं स्टेटमेंट राहू दे बाजूला, आधी कन्सेंट फॉर्म काढ, कारण बायकांनी ज्याला हो म्हटलंय त्याच्या पलीकडचं स्टेटमेंटमध्ये लिहिता येत नाही. फॉर्ममध्ये होतं की रेकॉर्डिंग फक्त याच अभ्यासासाठी आणि ऐकणार फक्त ती आणि तिच्या गाईड मॅडम. पण टाइपिंग ती बाहेरून करून घेणार होती, म्हणजे तिसरा माणूस आलाच की! मग दोनच रस्ते, स्वतः टाइप करायचं नाहीतर फॉर्म बदलून कमिटीची परवानगी आणि बायकांची पुन्हा संमती घ्यायची. तिने स्वतः टाइप करायचं ठरवलं.

मग मजकूर असा झाला: 'ऑडिओ त्याच दिवशी विभागाच्या सर्व्हरवरच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये टाकून मोबाईलवरून डिलीट केला जाईल. तो फक्त संशोधक व मार्गदर्शक उघडतील. नाव आणि कोड जुळवणारी यादी वेगळ्या एन्क्रिप्टेड फाइलमध्ये, फक्त संशोधकाकडे राहील. ट्रान्सक्रिप्ट इतर अभ्यासासाठी दिले जाणार नाहीत.' मोबाईलचा गुगल ड्राइव्ह बॅकअप चालू असेल तर डिलीट करूनही कॉपी तिकडे राहू शकते, तेव्हा तो आधी बंद करा.

नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही असं समजू नका हां. 'अमुक सोसायटीत तीन घरं करते, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी नर्सिंगला' एवढ्यावर शेजारीण लगेच ओळखेल. म्हणून सोसायटीचं नाव आणि असे तपशील ट्रान्सक्रिप्टमध्येच ढोबळ करायचे, आणि हेही स्टेटमेंटमध्ये लिहायचं.

किती काळ ठेवायचा यात बरेच जण '३ वर्षं' असं ठोकून देतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्समधली ३ वर्षं ही कमिटीने आपली कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान किती ठेवावीत याची आहेत, तुमच्या ऑडिओची नाहीत, त्यासाठी तुमच्या विद्यापीठाचा नियम बघा. आणि वर्षं कधीपासून मोजायची ते लिहाच, थीसिस जमा केल्यापासून की डिग्री मिळाल्यापासून. तिने लिहिलं, 'ट्रान्सक्रिप्ट तपासून झाल्यावर ऑडिओ नष्ट, डिग्री मिळाल्यावर यादी नष्ट, ट्रान्सक्रिप्ट त्यानंतर ५ वर्षं.'

यादी गेली की कोणती मुलाखत कोणाची ते शोधता येत नाही, मग एखादी बाई म्हणाली माझं काढून टाका तर काढणार कसं? म्हणून माघार घ्यायची शेवटची मुदत यादी नष्ट व्हायच्या आधीची पाहिजे आणि ती कन्सेंट फॉर्ममध्येही तशीच पाहिजे, कमिटी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचते.